निवृत्त भागीदाराचे पैसे कोणी द्यायचे?

तीन भागीदारांचे हार्डवेअरचे दुकान आहे असे धरू. अण्णा, बापू आणि नाना नफा ५:३:२ असा वाटून घेतात. वयामुळे बापू निवृत्त होतात. त्यांना नेमके किती द्यायचे यावर पुष्कळ चर्चा होते, पण ते कोणाच्या खिशातून जाणार हा प्रश्न बहुतेक वेळा मागे राहतो, आणि पुढचे रुसवेफुगवे तिथूनच सुरू होतात.

बापू गेल्यावर त्यांचा दहापैकी तीन हिस्सा मोकळा होतो. नाना आता दुकानात जास्त वेळ देणार, म्हणून अण्णा आणि नाना पुढचा नफा ३:२ असा वाटायचे ठरवतात. म्हणजे दहापैकी अण्णांना ६ आणि नानांना ४. नव्या हिश्श्यातून जुना वजा केला की प्रत्येकाची वाढ कळते. अण्णा ५ वरून ६ वर गेले, वाढ १. नाना २ वरून ४ वर गेले, वाढ २. हे १:२ म्हणजेच लाभ प्रमाण. दोन्ही वाढींची बेरीज बापूंच्या ३ हिश्श्यांइतकी आली पाहिजे. ती आली नाही, तर हिशेब तिथेच चुकला आहे.

हे प्रमाण लागते ते ख्यातीसाठी. दुकानाचे नाव आणि बांधलेले गिऱ्हाईक यांची किंमत तिघांनी मिळून ६,००,००० रुपये ठरवली, तर बापूंचा वाटा १,८०,००० होतो. हे नाव तिघांनी कमावले, पण त्यावर मिळणारा बापूंच्या वाट्याचा नफा यापुढे अण्णा आणि नाना घेणार. म्हणून ज्याच्या पदरात जितका जास्त हिस्सा पडला, त्याने तितका मोबदला द्यायचा. अण्णांच्या भांडवल खात्यातून ६०,००० आणि नानांच्या खात्यातून १,२०,००० वजा होऊन ती रक्कम बापूंच्या खात्यात जमा होते. सर्वांत लहान भागीदार सर्वांत जास्त देतो, हे पाहून अनेकजण बिचकतात आणि नव्या ३:२ प्रमाणानेच रक्कम वाटतात. तसे केले तर अण्णांवर १,०८,००० पडतात. दहाव्या हिश्श्याच्या वाढीसाठी त्यांनी ४८,००० रुपये जादा भरल्यासारखे होते, आणि नाना तेवढ्यानेच सुटतात. हा अण्णांवर उघड अन्याय आहे. नवे प्रमाण मुद्दाम ठरवलेच नसेल आणि दोघे जुन्या ५:२ नेच पुढे जाणार असतील, तर मात्र लाभ प्रमाणही ५:२ राहते, वेगळे गणित लागत नाही.

बाकीचे घटक वेगळ्या नियमाने चालतात. राखीव निधीचे १,००,००० आणि मालमत्तेच्या पुनर्मूल्यांकनातून निघालेला १,००,००० चा नफा तिघे एकत्र असतानाचा आहे, म्हणून तो जुन्याच प्रमाणात वाटायचा. बापूंना दोन्हींतून तीस-तीस हजार मिळतात. त्यांचे भांडवल ४,००,००० होते. ख्यातीचा वाटा धरून एकूण देणे ६,४०,००० होते.

एवढी रोकड एकदम काढली तर माल भरायला पैसा उरणार नाही. म्हणून १,६०,००० ताबडतोब द्यायचे आणि उरलेले ४,८०,००० बापूंचे कर्ज म्हणून ठेवायचे, असे ठरते. ही रक्कम भांडवल खात्यातून काढून ‘बापूंचे कर्ज खाते’ या नावाने ताळेबंदात देण्यांच्या बाजूला न्यावी लागते. ती भांडवलातच पडून राहिली तर कागदोपत्री बापू भागीदारच वाटतात. वास्तविक ते आता धनको आहेत; नफा-तोट्याशी त्यांचा संबंध नाही, ठरलेले व्याज आणि हप्ता एवढाच त्यांचा हक्क.

चार वार्षिक हप्ते, प्रत्येकी १,२०,००० मुद्दल, व्याज १० टक्के, असे लेखी ठरले तर पहिल्या वर्षी व्याज ४८,००० आणि एकूण १,६८,००० द्यावे लागतात. पुढे व्याज उरलेल्या रकमेवरच लागते: ३६,०००, २४,००० आणि शेवटी १२,०००. दरवर्षी मूळ ४,८०,००० वरच व्याज लावत राहणे ही नेहमीची चूक आहे. त्याने चार वर्षांत १,२०,००० ऐवजी १,९२,००० व्याज जाते.

व्याजाचा दर लेखी असणे बापूंसाठीही महत्त्वाचे आहे. हिशेब न मिटवता धंदा तसाच चालू ठेवला आणि दुसरा काही करार नसेल, तर भारतीय भागीदारी कायदा, १९३२ मधील कलम ३७ निवृत्त भागीदाराला दोन पर्याय देते: त्याच्या मालमत्तेच्या हिश्श्याच्या वापरातून झालेल्या नफ्यातला वाटा, किंवा त्या रकमेवर वर्षाला ६ टक्के व्याज. निवड त्याची. नफ्यातला वाटा शोधून काढणे किती अवघड असते हे ज्याने पाहिले आहे, तो करारनाम्यातच दर आणि हप्त्यांच्या तारखा घालून घेईल.

आणखी एक काम लगेच करायचे असते. कलम ३२ प्रमाणे निवृत्तीची जाहीर सूचना दिली जात नाही तोवर, बापू भागीदार आहेत असे माहीत असलेल्या पुरवठादाराशी दुकानाने नंतर केलेल्या व्यवहाराची जबाबदारी त्यांच्यावरही येऊ शकते. त्यामुळे पहिला धनादेश हाती पडला तरी, ही सूचना निघाली की नाही याची खात्री बापूंनी स्वतः करून घ्यावी.