उकळत्या झऱ्यातला कामगार

अंडं उकडलं की त्यातलं पातळ पांढरं घट्ट होतं. मग ते गार करा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा, पुन्हा काही पातळ होत नाही! असं का? प्रथिनं म्हणजे एका ठरावीक पद्धतीनं गुंडाळलेले लांबलचक दोरे. उष्णतेनं त्यांची गुंडाळी सुटते आणि दोरे एकमेकांत गुंततात. आपल्या पेशींत काम करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, हीसुद्धा बहुतेक प्रथिनंच. म्हणूनच खूप गरम पाण्यात कुणी जगत असेल, असं पूर्वी फारसं कुणाला वाटत नव्हतं.

थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाला मात्र तसं वाटत होतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये जमिनीतून उकळतं पाणी वर येतं. १९६६ साली ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी तिथल्या 'मशरूम स्प्रिंग' नावाच्या झऱ्यातून नमुना घेतला. त्यात सापडलेला जीवाणू सुमारे ७० अंश सेल्सिअसला सगळ्यात छान वाढत होता. या पाण्यात आपण बोट घातलं तर भाजून निघेल! त्याचं नाव ठेवलं 'थर्मस ॲक्वाटिकस'. त्याचा नमुना सूक्ष्मजीवांच्या एका संग्रहात जमा झाला. हवा असेल त्या शास्त्रज्ञानं तो तिथून मागवावा.

या जीवाणूची प्रथिनं काही वेगळ्या पदार्थाची नसतात बरं का. आपल्यासारखीच वीस प्रकारची अमिनो आम्लं. पण त्यांचे दोरे आतल्या आत जास्त ठिकाणी बांधलेले आणि दाबून बसवलेले असतात, त्यामुळे गुंडाळी सहज सुटत नाही. याची किंमतही मोजावी लागते. आपल्या शरीराच्या तापमानाला ही विकरं ताठरतात आणि आळशासारखी काम करतात.

आता वळू या डीएनएकडे. कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत काम करणाऱ्या कॅरी मुलिसला १९८३ साली डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती सुचली. तिचंच नाव पीसीआर. 'आरटी-पीसीआर' हे नाव कोविडच्या काळात तुम्ही ऐकलंच असेल. त्यात विषाणूच्या आरएनएवरून आधी डीएनए बनवतात आणि मग हीच युक्ती वापरतात.

डीएनएच्या दोन धाग्यांची जोडी झिपसारखी असते. ९५ अंशांना झिप उघडते. मग ५५ अंशांच्या आसपास आणलं, की 'प्रायमर' नावाचे छोटे तुकडे हव्या त्या जागी चिकटतात आणि कुठून सुरुवात करायची ते दाखवतात. मग 'पॉलिमरेज' हे विकर प्रत्येक धाग्यासमोर त्याचा नवा जोडीदार विणतं. एकाचे दोन झाले! पुन्हा तापवलं की चार, मग आठ. दहा फेऱ्यांत १०२४, वीस फेऱ्यांत दहा लाखांहून जास्त, आणि सगळं नीट जमलं तर तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर!

पण घोडं पेंड खात होतं ते विकराशी. सुरुवातीला वापरलेलं पॉलिमरेज आपल्या आतड्यात राहणाऱ्या 'ई. कोलाय' जीवाणूचं होतं. ९५ अंशांना त्याचं उकडलेलं अंडं व्हायचं. मग प्रत्येक फेरीत नळी उघडा, ताजं विकर घाला. तीस फेऱ्या, तीसदा विकर! शिवाय ते ३७ अंशांना काम करी, आणि एवढ्या कमी तापमानाला प्रायमर भलत्याच जागी चिकटून नको त्या तुकड्यांच्या प्रती निघत.

गंमत म्हणजे उत्तर तयारच होतं. थर्मसचं पॉलिमरेज १९७६ सालीच वेगळं काढलेलं होतं. सीटसच्या शास्त्रज्ञांनी तो जीवाणू मागवला आणि त्याचं 'टॅक' पॉलिमरेज वापरून पाहिलं. एकदा घातलं की सगळ्या फेऱ्यांना पुरलं! ७२ अंशांना ते झपाट्यानं विणतं, आणि इतक्या उष्णतेत चुकीच्या जागी लागलेले प्रायमर टिकत नाहीत. आता नळी बंद करायची आणि तापवण्या-गार करण्याचं काम यंत्रावर सोपवायचं. १९९३ साली मुलिसला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मात्र हे यंत्र समोर येईल त्याची नक्कल करतं. हवेतून किंवा हातमोज्यावरून परका डीएनए पडला, तर त्याच्याही कोट्यवधी प्रती! म्हणून तपासणीत एक नळी अशी ठेवतात, की तिच्यात बाकी सगळं असतं, पण नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी. त्या नळीतही प्रती दिसल्या, की समजायचं कुठेतरी भेसळ झाली. मग त्या खेपेचे निकाल बाजूला ठेवून काम पुन्हा करायचं.

टॅकची आणखी एक खोड आहे. चुकीचं अक्षर विणलं, तर ते खोडायला त्याच्याकडे खोडरबर नाही. जिथे एकही अक्षर चुकून चालत नाही, तिथे इटलीच्या व्हल्कॅनो बेटाजवळच्या गरम समुद्रतळावर सापडलेल्या 'पायरोकोकस फ्युरिओसस' या सूक्ष्मजीवाचं पॉलिमरेज घेतात. हा पठ्ठ्या तर १०० अंशांना मजेत वाढतो! त्याचं विकर चूक खोडून पुन्हा विणतं, पण टॅकपेक्षा सावकाश.