आठव्या आठवड्यातला अहवाल

छात्राध्यापकाचा मध्यावधी अहवाल म्हणजे त्याच्या शिकवण्याबद्दल शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाने निम्म्या वाटेवर लिहिलेले मत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले. शाळेतल्या प्रत्यक्ष कामासाठी किमान २० आठवडे ठरले आणि त्यांपैकी १६ आठवड्यांची आंतरवासिता दुसऱ्या वर्षी आली. बोलताना तिला सगळे इंटर्नशिपच म्हणतात. या काळात छात्राध्यापक एकाच शाळेत राहतो, ठरलेल्या वर्गांना शिकवतो, वह्या तपासतो, परिपाठाला उभा राहतो आणि कोणी रजेवर असेल तर ऑफ तासही घेतो. त्याच विषयाचा शाळेतला अनुभवी शिक्षक त्याचा मार्गदर्शक असतो. आठ आठवडे झाले की या मार्गदर्शकाला दोन गोष्टी लिहायच्या असतात: छात्राध्यापक आज कुठे आहे, आणि उरलेल्या आठवड्यांत त्याने नेमके काय साधायचे.

हा अहवाल गुणपत्रक नव्हे. गुण शेवटी पडतात. मधल्या अहवालाचा उपयोग सुधारायला वेळ हाताशी असतानाच होतो, त्यामुळे त्यात निकालाची भाषा आली की तो फुकट जातो. प्रत्यक्षात मात्र पाठनिरीक्षण वहीत वर्षानुवर्षे एकच शेरा फिरत असतो: ‘पाठ छान झाला. फलकलेखन सुधारावे. आवाज वाढवावा.’ असा शेरा मराठीच्या पाठाखाली चालतो, भूगोलाच्या पाठाखालीही चालतो, आणि मागच्या बाकावर बसून दुसऱ्या वर्गाच्या वह्या तपासतानाही लिहिता येतो. मार्गदर्शकाचा सगळाच दोष नाही. त्याचे स्वतःचे तास कमी झालेले नसतात आणि छात्राध्यापक आला की ‘तेवढा तास तुम्ही घ्या’ ही सोय शाळेला हवीच असते. तरीही, न पाहिलेल्या पाठावर अहवाल लिहिता येत नाही. चार पाठ पहिल्या मिनिटापासून घंटेपर्यंत पाहिले तर लिहिण्याजोगे हाताला लागते.

पाहताना मत नोंदवायचे नसते, घडलेले नोंदवायचे असते. समजा, एक छात्राध्यापिका सातवीला गणित शिकवते आहे. वर्गात ४० मुले, तास ३५ मिनिटांचा, घटक व्यस्तप्रमाण. मार्गदर्शक शिक्षिकेच्या वहीत अशा नोंदी आहेत: ‘११.२० सुरुवात. ११.३२ ला फळ्यावर घटकाचे नाव. ११.४३ पहिले उदाहरण पूर्ण, ताईंनी सोडवले. ११.५१ दुसरे, तेही ताईंनी. “समजलं का?” सगळे: “हो.” ११.५५ घंटा. मुलांना स्वतः सोडवायला चार मिनिटे.’ शेजारी वर्गाचा साधा आराखडा काढून, प्रश्न ज्याला गेला त्याच्या जागेवर एकेक टिंब दिले आहे. एकूण २२ प्रश्नांपैकी १५ पहिल्या दोन बाकांवरच्या मुलांना गेले आहेत.

तासानंतर शिक्षिकेने वह्या मागवल्या. उदाहरण असे होते: १२ मजूर एक काम १० दिवसांत करतात, तर १५ मजुरांना किती दिवस लागतील? उत्तर ८ दिवस. ते १४ मुलांचे बरोबर होते, ९ जणांचे उदाहरण अर्धवट राहिले होते आणि १७ जणांनी साडेबारा दिवस लिहिले होते. एका वहीत १५ गुणिले १०, भागिले १२ अशी स्वच्छ मांडणी होती, खाली दोन रेघा मारून १२.५ लिहिले होते. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर. माणसे वाढल्यावर काम लांबले कसे, हा प्रश्न त्या मुलाला पडलाच नाही. ‘समजलं का?’ला ‘हो’ म्हणणाऱ्यांत तोही होता.

इथे घाईने ‘मुलांना संकल्पना समजावण्यात कमी पडतात’ असे लिहून मोकळे होता येते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, कारण याच छात्राध्यापिकेच्या आधीच्या एका पाठात वेगळे दिसले होते. पूर्णांकांच्या गुणाकाराच्या वेळी एका मुलीने ऋण तीन गुणिले ऋण दोन म्हणजे ऋण सहा, असे मोठ्याने सांगितले. छात्राध्यापिकेने तिला खाली बसवले नाही. नाव न घेता ते उत्तर फळ्यावर लिहिले, ऋण तीनला आधी दोनने, मग एकने, मग शून्याने गुणायला लावले आणि उत्तरे कोणत्या दिशेने सरकतात ते वर्गाकडूनच काढून घेतले. म्हणजे चूक समोर आली की ती हाताळणे तिला येते, पुष्कळ शिक्षकांपेक्षा चांगले येते. अडचण अशी की चूक कोणी बोलून दाखवेपर्यंत ती तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि तिचे बहुतेक प्रश्न ज्यांच्याकडे जातात ती मुले सहसा चुकत नाहीत. हे निदान महत्त्वाचे, कारण उपाय त्यावर ठरतो. समजावून सांगण्याचा सराव वाढवून इथे फरक पडणार नाही.

समतोल निर्णय म्हणतात तो असा. चार गुण आणि चार दोष समोरासमोर मांडले की समतोल झाला, असा समज असतो. छापील तक्त्यांतले दोन सारखे रकाने त्याला खतपाणी घालतात. मग दोषांचा रकाना भरायचा म्हणून अक्षराची उंची निघते आणि गुणांचा भरायचा म्हणून नीटनेटका पोशाख. जे मुलांच्या शिकण्यावर परिणाम करते त्याला जागा द्यावी, बाकीचे सोडून द्यावे. या छात्राध्यापिकेच्या अहवालात म्हणून असे लिहिता येईल: ‘विषयाची तयारी पक्की आहे, टाचणातली उदाहरणे पुस्तकाबाहेरची असून क्रमाने अवघड होत जातात. तिसऱ्या आठवड्यापासून सर्व मुलांना नावाने हाक मारतात. मुलाची चूक वर्गासमोर आदराने उलगडतात (पूर्णांकांचा पाठ). मात्र वर्गाला समजले की नाही, हे सध्या एकत्र आलेल्या “हो”वरून ठरवतात. व्यस्तप्रमाणाच्या पाठात ४० पैकी १७ मुलांनी समप्रमाणाची रीत वापरली आणि ते तासात लक्षात आले नाही.’ प्रत्येक वाक्यामागे वहीतली एखादी नोंद आहे, त्यामुळे त्यावर वाद झाला तरी तो कामाचा होतो.

मार्गदर्शकाला स्वतःवरही थोडी नजर ठेवावी लागते. पहिल्या आठवड्यात वर्ग गोंधळला असेल तर तेच चित्र आठव्या आठवड्यापर्यंत डोक्यात राहते. छात्राध्यापक मदतीला तत्पर असेल, स्नेहसंमेलनाचे फलक रात्री बसून रंगवत असेल, तर त्याचे पाठही बरे वाटू लागतात. सगळ्यात फसवा मापदंड म्हणजे ‘मी असे शिकवत नाही’. याला उतारा एकच आहे, तारीख घातलेल्या नोंदी. आणि शेवटच्या दोन पाठांना पहिल्या दोनांपेक्षा जास्त वजन देणे.

आता उद्दिष्टे. ‘आत्मविश्वास वाढवावा’, ‘वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे’ ही उद्दिष्टे नव्हेत, कारण सोमवारी सकाळी वर्गात गेल्यावर वेगळे काय करायचे ते त्यांतून कळत नाही. आणखी एक हिशेब सहसा विसरला जातो. कागदावर आठ आठवडे उरलेले दिसतात, पण त्यात सहामाही परीक्षा किंवा क्रीडास्पर्धा येतात, स्नेहसंमेलनाच्या तालमी येतात, महाविद्यालयाचे चर्चासत्र येते. सलग शिकवण्याचे आठवडे पाचसहाच मिळतात. तेवढ्यात दोन सवयी बदलल्या तरी खूप झाले. दहा उद्दिष्टांची यादी दिली तर छात्राध्यापक त्यातले सर्वांत सोपे उचलतो, आणि ते बहुधा फलकलेखन असते.

या छात्राध्यापिकेसाठी पहिले उद्दिष्ट असे: प्रत्येक पाठात स्वतः दुसरे उदाहरण सोडवण्याआधी एक लहान प्रश्न सगळ्यांकडून लिहून घ्यायचा, बाकांमधून फिरून पाहायचा आणि पुढे काय करायचे ते त्यावरून ठरवायचे. व्यस्तप्रमाणात तो प्रश्न आकडेमोडीचा नसावा. ‘मजूर वाढले तर दिवस वाढतील की कमी होतील? एका ओळीत कारण लिहा,’ एवढा पुरे. साडेबारा लिहिणारी मुले तिथेच सापडतील. तोंडी प्रश्न विचारल्यावर थोडे थांबायचे. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या सुमारास विज्ञानाच्या वर्गांत असे आढळले की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलतात. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. नवख्या शिक्षकाला ती शांतता फार मोठी भासते.

दुसरे उद्दिष्ट वेळेचे. प्रस्तावनेला बारा मिनिटे का गेली, हे टाचणातच दिसते. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ या पायऱ्या छात्राध्यापकांच्या अंगवळणी पडलेल्या असतात आणि मुलांच्या तोंडून घटकाचे नाव निघाल्याशिवाय प्रस्तावना यशस्वी झाली असे त्यांना वाटतच नाही. मग ‘अजून कोण सांगेल?’ करत मुले अंदाज बांधत बसतात. हा खेळ कोणाला काहीच शिकवत नाही. प्रस्तावना पाच मिनिटांत संपवावी, नाव निघाले नाही तर सरळ सांगून टाकावे, आणि मुलांना स्वतः सोडवायला किमान दहा मिनिटे ठेवावीत. टाचणाच्या समासात प्रत्येक पायरीपुढे घड्याळाची वेळ लिहिली की तासात आपण कुठे मागे पडलो ते जागच्या जागी कळते.

उद्दिष्टाबरोबर मार्गदर्शकाचे कामही लिहिलेले असावे. नवव्या आणि दहाव्या आठवड्यात दोघींनी मिळून आठवड्याला एक टाचण करायचे. सगळ्यांना विचारायचा प्रश्न आणि त्याची अपेक्षित चुकीची उत्तरे आधीच लिहून काढायची. छात्राध्यापिकेने शिक्षिकेचा एक तास पाहायचा, तोही फक्त प्रश्न कोणाकडे जातात ते टिपण्यासाठी. बाराव्या आठवड्यात शिक्षिका पुन्हा पूर्ण पाठ पाहील आणि तासानंतर वह्या मागवेल. तोवर मुलांच्या हाती दहा मिनिटे येत नसतील, किंवा लेखी प्रश्न घेऊनही पुढचे उदाहरण आधी ठरवलेलेच येत असेल, तर उद्दिष्ट तसेच ठेवून तासांची संख्या कमी करायची. वर्ग कमी आणि तयारी जास्त, हा शिक्षेचा प्रकार नाही, हे छात्राध्यापिकेला आधीच सांगितलेले बरे.

अहवाल देण्याआधी दोघींची बैठक होते. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता नको, रिकाम्या वर्गात, अर्धा तास. तिने स्वतःचे मूल्यमापन लिहून आणलेले असावे आणि ते आधी वाचावे. अनेकदा तिला दोष माहीत असतो, कारण वेगळे वाटत असते: ‘मुले बोलतच नाहीत.’ मग टिंबांचा आराखडा पुढे ठेवता येतो. उत्तीर्ण होण्याबद्दलच शंका असेल तर ती याच बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगावी लागते आणि त्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या प्राध्यापकांना कळवावी लागते. इथे वाईटपणा नको म्हणून गप्प बसलेला मार्गदर्शक सोळाव्या आठवड्यात नापासाचा शेरा देतो, तेव्हा छात्राध्यापिकेकडे करण्यासारखे काही उरत नाही.

अहवालावर दोघींच्या सह्या होतात. एक प्रत महाविद्यालयाकडे जाते, एक तिच्या फाईलला लागते, तिसरी मार्गदर्शकाकडे राहते. शेवटचा अहवाल लिहायला बसताना ही तिसरी प्रत शेजारी ठेवावी लागते, कारण त्यात पहिला प्रश्न या दोन उद्दिष्टांचाच असतो.