नंबर बदलला, ओटीपी अडला

सकाळी साडेनऊ

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या संगमनेरच्या कर सल्लागाराच्या ऑफिसात माणसं शटर उघडायच्या आधीच पायरीवर बसलेली असतात. रिटर्नची ३१ तारीख जवळ आलेली असते. रिटर्न भरणं हे त्यातल्या निम्म्या लोकांचं मूळ काम असतं खरं, पण अडचण त्याच्या आधीच सुरू होते. पोर्टल उघडतच नाही, कारण त्यावर नोंदवलेला मोबाईल नंबर आता त्यांच्याकडे नसतो.

आज पहिल्या आल्या त्या नगरपालिकेच्या शाळेतल्या एक बाई. बसमध्ये फोन हरवला. काल संध्याकाळी त्याच नंबरचं दुसरं सिम घेतलं, फोन लागतो, पण ओटीपी येत नाही. यात बिघडलेलं काहीच नाही. सिम बदललं की पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात. चोरानं तुमच्या नावावर सिम काढून बँकेचे ओटीपी पळवू नयेत म्हणून ही सोय आहे. त्यांना म्हटलं, "आज रात्रीपर्यंत थांबा, बाई. उद्या सकाळी या, दहा मिनिटांचं काम आहे." नंबर तोच राहिला असेल, तर याहून सोपा मार्ग नाही. म्हणून नंबर गेला असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, सिम गेलं की नंबरच गेला?

सकाळी दहा

गुरुजींचा नंबरच गेला होता. वय एकाहत्तर, जवळच्या खेड्यातल्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. मुलानं नवा फोन दिला, त्यात नवं सिम होतं. जुनं सिम कपाटात पडलं, रिचार्ज झालं नाही आणि बंद झालं. बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवस राखून ठेवतात आणि मग कंपनी तो दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. गुरुजींनी लावून पाहिला तेव्हा भलत्याच माणसानं उचलला.

त्यांचं काम साधं होतं. वर्षाची पेन्शन ४ लाख ८० हजार, मुदत ठेवींचं व्याज १ लाख २० हजार. व्याजावर बँकेनं दहा टक्क्यांनी १२ हजार कापलेले. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट घेतली की उत्पन्न उरतं ५ लाख २५ हजार आणि सूट धरून कर येतो शून्य. म्हणजे सगळे १२ हजार परत मिळायचे. पण मुदत चुकली, तर उत्पन्न पाच लाखांच्या वर असल्यामुळे ५ हजार विलंब शुल्क लागतं. त्यात पासवर्ड आठवत नव्हता.

सोबत आलेल्या शेजाऱ्यांनी सुचवलं, "ज्याला तो नंबर मिळालाय, त्यालाच फोन करून ओटीपी विचारू या की. माणूस बरा वाटला." मी साफ नाही म्हटलं. तो ओटीपी म्हणजे पासवर्ड बदलण्याची परवानगी. एकदा मागितला की त्या अनोळखी माणसाला कळतं, की आपल्या फोनवर कुणाच्या तरी आयकराचं आणि आधारचं कुलूप उघडतं. माणूस बरा असेलही, पण ही माहिती त्याच्याकडे जायलाच नको.

साडेदहा

अशा वेळी लोक घाईनं आधार केंद्राकडे धावतात. मी आधी कुठे कोणता नंबर आहे ते तपासतो. कारण आपण "माझा नंबर" म्हणतो, पण तो वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा नोंदलेला असतो. आयकर पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये एक, आधारमध्ये एक, बँकेत एक. एका ठिकाणी बदलला म्हणून दुसरीकडे आपोआप बदलत नाही. पासवर्ड विसरल्यावर पोर्टल आत घ्यायला यांपैकीच कुठला तरी नंबर वापरतं, म्हणून तिन्हींतला एक जरी चालू असला तरी वाट निघते.

`Forgot Password` वर पॅन टाकला की पर्याय दिसतात. प्रोफाइलमधल्या नंबरवर ओटीपी मागवला, तर तो मोबाईल आणि ईमेल या दोन्हींवर येतो आणि दोन्ही भरावे लागतात. गुरुजींचा मोबाईल गेलेला, आणि ईमेल पूर्वी कुणा नेट कॅफेवाल्यानं त्यांच्यासाठी बनवलेला, त्याचा पासवर्ड त्यांना माहीत नाही. ही वाट बंद.

दुसरा पर्याय आधारवरच्या ओटीपीचा. त्यासाठी पॅन आणि आधार जोडलेले लागतात, तेवढं होतं. आधारला कोणता नंबर आहे हे मात्र त्यांना आठवत नव्हतं. हे पाहायला लॉगिन लागत नाही. आधारच्या संकेतस्थळावर `Check Aadhaar Validity` मध्ये आधार क्रमांक टाकला की वयोगट, राज्य आणि नोंदलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. तीन आकडे जुन्याच नंबरचे निघाले. ही वाटही बंद. तिसरा पर्याय डिजिटल स्वाक्षरीचा, तो पेन्शनरकडे नसतो.

मग विचारलं, "गुरुजी, पेन्शन जमा झाल्याचा मेसेज कुठल्या फोनवर येतो?" त्यांनी खिशातला फोन काढून दाखवला. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेले, तेव्हा बँकेतल्या मुलीनं नवा नंबर लिहून घेतला होता.

काम इथे सुटलं. आयकर पोर्टलच्या लॉगिनच्या पानावर खालच्या बाजूला नेटबँकिंगचाही मार्ग असतो. आपल्या बँकेच्या नेटबँकिंगमध्ये शिरून तिथल्या आयकर ई-फायलिंगच्या दुव्यावर गेलं, की पोर्टल पासवर्ड न विचारता उघडतं, कारण ओळख बँकेनं पटवलेली असते. अट एकच, खात्याला पॅन जोडलेला हवा. गुरुजींच्या पिशवीत बँकेचा १६ए होता आणि त्यावर त्यांचा पॅन छापलेला. खात्री पटली.

अकरा ते एक

नेटबँकिंग त्यांनी कधी सुरूच केलं नव्हतं. खाते क्रमांक, पासबुकावरचा सीआयएफ क्रमांक आणि एटीएम कार्ड असलं, की ते घरबसल्या सुरू होतं. ओटीपी बँकेतल्या नव्या नंबरवर आला. गुरुजींना सगळे पासवर्ड स्वतःच टाकायला लावले आणि मी खुर्ची फिरवून बसलो. ही पद्धत मी सोडत नाही. ग्राहकाचा बँकेचा पासवर्ड आपल्याला माहीत असता कामा नये.

आत गेल्यावर आधी रिटर्नकडे वळलो नाही. `My Profile`, मग `Contact Details`, मग `Edit`. नवा मोबाईल आणि त्यांच्या नावानं नुकताच काढलेला ईमेल भरला. ओटीपी नव्या मोबाईलवर आणि नव्या ईमेलवर आले, जुन्या नंबरला पोर्टलनं विचारलंच नाही. लोकांना वाटतं, नंबर बदलायला जुना नंबर लागतोच. आत शिरायला लागू शकतो, आत शिरल्यावर बदलायला लागत नाही. मग बाहेर पडून पुन्हा `Forgot Password` केलं. सकाळी बंद असलेली पहिली वाट आता मोकळी होती, नवा पासवर्ड झाला.

आयटीआर-१ भरायला फार वेळ लागला नाही. पण रिटर्न भरल्यापासून तीस दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, आणि बहुतेकांची सवय आधार ओटीपीची. आधारवर तर अजून जुनाच नंबर. म्हणून पडताळणीही नेटबँकिंगमधूनच केली. तेही नसतं, तर पोचपावतीवर सही करून ती बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला टपालानं पाठवता येते.

बँकेतही जुना नंबर असता, तर मी गुरुजींना आधी शाखेत पाठवलं असतं, आधार केंद्रात नाही. पासबुक, आधार आणि पॅन घेऊन गेलं की शाखेत नंबर बदलून मिळतो, आणि माझ्या अनुभवात तो आधारपेक्षा लवकर बदलतो.

दुपारी दीड

जेवण उरकून गुरुजींना पोस्टातल्या आधार केंद्रात घेऊन गेलो. मोबाईल बदलायला कागद लागत नाही, माणूस लागतो. शुल्क ७५ रुपये. गुरुजींच्या बोटांचे ठसे मशीन घेईना. वयानं रेषा पुसट झालेल्या, वर घरची शेती. ऑपरेटरनं अंगठा पुसून पुन्हा ठेवायला लावला, मग दुसरं बोट. शेवटी मी म्हटलं, "डोळे घ्या की." दुर्बिणीसारखं ते यंत्र गुरुजींनी चष्मा काढून डोळ्यांना लावलं आणि लगेच झालं. बोटं उमटत नाहीत म्हणून कुणाला परत पाठवत असतील, तर हे जरूर सांगा. बुबुळांवरूनही ओळख पटते.

पावती मिळाल्यावर तिथेच वाचली. नवा नंबर एका आकड्यानं चुकला, तर पुन्हा रांग आणि पुन्हा शुल्क. पावतीवरच्या यूआरएन क्रमांकावरून काम कुठवर आलं ते पाहता येतं, १९४७ वर फोन करूनही कळतं. सहसा काही दिवसांत होतं, पण तीस दिवसही लागू शकतात. म्हणूनच ३१ तारखेच्या तोंडावर आधारच्या भरवशावर बसायचं नसतं. आधारचं काम सुरू करून ठेवायचं आणि रिटर्नसाठी बँकेची वाट धरायची.

दुपारी चार

हार्डवेअरच्या दुकानदाराची गोष्ट वेगळी. जीएसटी पोर्टलवर नंबर आणि ईमेल दोन्ही त्यांच्या जुन्या अकाउंटंटचे. तो काम सोडून गेला आणि फोन घेत नाही. २० तारखेचं ३बी जवळ आलेलं. इथे बँक उपयोगी पडत नाही, अधिकारक्षेत्रातला कर अधिकारीच नंबर बदलतो. तो राज्याचा की केंद्राचा, हे `gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये जीएसटी क्रमांक टाकून कळतं. दुकानाच्या लेटरहेडवर अर्ज, सोबत नोंदणीचा दाखला, पॅन, मालकाची ओळख आणि जागेचा पुरावा जोडून मालकांनाच पाठवलं. अर्जदाराचं नाव नोंदणीत आहे याची अधिकारी खात्री करतो आणि नवा ईमेल, मोबाईल चढवतो. त्या ईमेलवर युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड येतो, तो `First Time Login` मध्ये टाकून बदलायचा. या वेळी त्यात मालकांचा स्वतःचा नंबर घालायचा, माझा नाही, हे मी त्यांना बजावलं. मालकाच्या नोंदणीवर सल्लागाराचा नंबर ही आमच्या व्यवसायातली वाईट सवय आहे, आणि तिची किंमत नेहमी दुकानदार मोजतो.

संध्याकाळी सात

शटर ओढता ओढता दोहाहून फोन. इथला एक इंजिनीअर, भारतातलं सिम रिचार्जविना बंद पडलेलं. आधारचा ओटीपी परदेशी नंबरवर येत नाही, त्यामुळे आधार ओटीपी सुट्टीवर येईपर्यंत विसरायचा. आयकर पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये मात्र अनिवासी माणसाला परदेशी नंबर देता येतो. प्रश्न फक्त पहिल्यांदा आत शिरण्याचा. त्याच्या एनआरओ खात्याचं नेटबँकिंग कतारच्या नंबरवर चालतं का, विचारलं. म्हणाला, "बहुतेक चालतं, काका. वडिलांना भाडं तिथूनच पाठवतो." लॉगिन करून आयकराचा दुवा दिसतो का तेवढं बघ, दिसला की तिथूनच मला फोन लाव, म्हटलं.