दोन रकाने की सहा?

वाकड-हिंजवडीकडे टू बीएचके शोधणाऱ्या माणसाला मोबाइलवर एका नव्या प्रकल्पाची जाहिरात दिसते. त्यावर बोट लावलं की एक पान उघडतं. इमारतीचं चित्र, सोयीसुविधांच्या चार ओळी आणि खाली फॉर्म. या पानाला धंद्यात लँडिंग पेज म्हणतात आणि फॉर्म भरून नंबर देणाऱ्याला लीड. पुढचं काम टेलिकॉलरचं. फोन करायचा, गरज समजून घ्यायची आणि माणसाला सॅम्पल फ्लॅट बघायला साइटवर आणायचं. बुकिंग होतं ते साइट व्हिजिटनंतर, फॉर्म भरल्यावर नव्हे. तरी महिन्याच्या बैठकीत पहिला प्रश्न असतो, ‘लीड किती आले?’

हा आकडा वाढवणं अवघड नाही. फॉर्ममध्ये फक्त नाव आणि मोबाइल ठेवला की भरणारे वाढतात. बजेट किती, घर कधी हवं, कर्ज काढणार का, साइटवर कधी येणार असं विचारत गेलं की एकेका रकान्याला काही माणसं पान बंद करून निघून जातात. म्हणून एक पक्ष म्हणतो, फॉर्म आखूड ठेवा. दुसरा म्हणतो, लांब ठेवा, हौशे-नवशे गळून जातील आणि खरे ग्राहक राहतील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून हिशेब मांडून बघू. यातले आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

समजा, जाहिरातीवर एक लाख रुपये खर्च झाले. दोन रकान्यांच्या फॉर्मवर १०० लीड आले, म्हणजे एक लीड १,००० रुपयांना पडला. सहा रकान्यांच्या फॉर्मवर तेवढ्याच पैशांत ४० आले, एक २,५०० रुपयांना. पहिल्या शंभरातले ८ जण साइटवर आले, दुसऱ्या चाळिसातले ७. लांब फॉर्मने साठ माणसं गाळली, पण त्यात येणारा माणूस एकच गेला. मात्र एका साइट व्हिजिटचा जाहिरातखर्च पहिल्या फॉर्मवर १२,५०० रुपये आहे आणि दुसऱ्यावर जवळपास १४,३०० रुपये. फोन करण्याचा खर्च दर लीडमागे १५० रुपये धरून मिळवला, तरी आखूड फॉर्म थोडा स्वस्तच पडतो.

हे चित्र बदलतं ते टेलिकॉलरच्या टेबलावर. घर बघणारा माणूस एका बैठकीत चार-पाच प्रकल्प चाळतो. फोन अर्ध्या तासात आला तर त्याला सगळं आठवत असतं. दुसऱ्या दिवशी आला तर ‘मी कुठं फॉर्म भरला?’ असं विचारतो. शंभरांपैकी साठ जणांनाच वेळेत फोन करता आला आणि उरलेले चाळीस शिळे झाले, तर आठाच्या जागी सहाच साइटवर येतील. मग फोनचा खर्च धरून एक व्हिजिट १९,००० रुपयांच्या पुढे जाते आणि लांब फॉर्मची १५,००० च्या आसपास राहते. म्हणून फॉर्म किती लांब असावा हे ठरवताना मी आधी विचारेन, फोन करणारी माणसं किती आहेत आणि त्यांचे फोन किती वेळात जातात?

त्यानंतरचा प्रश्न रकाने कोणते, हा आहे. संख्येपेक्षा तो मोठा आहे, कारण प्रत्येक रकाना वेगळ्या माणसाला परत पाठवतो. ई-मेल विचारल्याने इथे फारसं काही साधत नाही. पुढचा सगळा व्यवहार फोन आणि व्हॉट्सॲपवर होतो. पगार विचारला तर ऐपतदार माणूसच आधी बिचकतो. बजेटचा रकाना उपयोगी आहे, पण तो कोरा ठेवू नये, कारण भाव करणारा ग्राहक मुद्दाम कमी आकडा टाकतो. ‘८० ते ९० लाख’, ‘९० लाख ते १ कोटी’ असे पर्याय दिले की उत्तर देणं सोपं जातं आणि घरं साधारण कोणत्या किमतीची आहेत हेही वाचणाऱ्याला कळतं. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘साइट बघायला कधी याल?’ हा रकाना. शनिवार सकाळ निवडणाऱ्याने मनाशी थोडं तरी ठरवलेलं असतं, आणि टेलिकॉलरला बोलणं कुठून सुरू करायचं ते मिळतं.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरचे तयार फॉर्म याच्या उलट टोकाला आहेत. तिथे खात्यातलं नाव आणि नंबर आपोआप भरून येतात, दोनदा बोट लावलं की काम झालं. लीड स्वस्त मिळतात, पण नंबर जुना असू शकतो आणि फॉर्म भरल्याचं अनेकांच्या लक्षातही राहत नाही. पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासायला लावणारा एक जादा टप्पा तिथे जोडता येतो. तेवढ्यानेही चुकून भरलेले फॉर्म कमी होतात. ओटीपीने खोटा नंबर अडतो, पण नंबर खरा असला म्हणजे माणसाला घर घ्यायचं आहे असं ठरत नाही.

आता विश्वासाकडे वळू. लोक चुकीचा नंबर का देतात? एका ठिकाणी नंबर दिला की दहा ठिकाणांहून फोन येतात, हा अनुभव अनेकांना आहे. तेव्हा खोटा नंबर हे पुष्कळदा स्वतःला वाचवणं असतं. ‘हजारो समाधानी कुटुंबं’, पुरस्कारांची चिन्हं, हसऱ्या जोडप्याचं विकत घेतलेलं छायाचित्र यांनी ती भीती जात नाही. फोन कोण करणार, किती वाजता करणार आणि नंबर इतर एजंटांना दिला जाणार नाही, हे बटणाजवळ साध्या मराठीत लिहिलेलं असेल तर फरक पडतो. अर्थात ते पाळलंही पाहिजे.

त्याहून वजनदार खूण म्हणजे माणसाला स्वतः पडताळता येईल अशी माहिती. महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की मंजुऱ्या आणि प्रकल्प पूर्ण करण्याची नोंदवलेली तारीख दिसते. हा कोड पानाच्या तळाशी बारीक छापण्याऐवजी फॉर्मशेजारी ठेवावा. सोबत कार्पेट एरिया आणि मुद्रांक शुल्क, जीएसटी, पार्किंग धरून होणारी पूर्ण किंमत द्यावी. यामुळे लीड कमी होऊ शकतात. सहा महिन्यांत घर हवं असलेला माणूस तीन वर्षांनंतरची तारीख बघून निघून जाईल. पण तो साइटवर येऊनही परतच गेला असता. अशी माहिती गाळण्याचं काम रकान्यांशिवाय करते आणि थांबलेल्यांची भीडही कमी करते. किंमत झाकून बजेट विचारणारा फॉर्म मला म्हणूनच एकतर्फी वाटतो. स्वतः काही न सांगता तो समोरच्याचा खिसा विचारतो.

कुठे बिघडलं आहे हे टेलिकॉलरच्या वहीत दिसतं. प्रत्येक निकामी लीडपुढे एकच कारण लिहावं. ‘नंबर चुकीचा’ जास्त असेल तर पानावर विश्वास नाही किंवा रकाने आपोआप भरले जात आहेत. ‘बजेट बसत नाही’ जास्त असेल तर किंमत पानावर नाही. ‘उचलत नाही’ जास्त असेल तर आधी फॉर्म भरल्याची आणि पहिल्या फोनची वेळ शेजारी ठेवून बघावी. तिथे पुष्कळदा दोष फॉर्मचा नसतो. हीच नोंद जाहिरातीच्या यंत्रणेपर्यंतही पोहोचवावी. गूगल किंवा फेसबुकला ‘फॉर्म भरला’ हेच यश म्हणून सांगितलं, तर ती यंत्रणा फॉर्म भरणारी माणसं शोधत राहते. साइटवर कोण आलं हे तिला कळवलं, तर ती तशी माणसं शोधू लागते.

दोन फॉर्मची तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच जाहिरातीवरून येणाऱ्यांना आळीपाळीने दोन्ही दाखवावेत. निकाल बुकिंगवर लावण्याची घाई करू नये. घराचा निर्णय व्हायला महिने लागतात, आणि एकीकडे तीन, दुसरीकडे चार बुकिंग झाली तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. साइट व्हिजिटचे आकडे त्यापेक्षा लवकर साठतात, पण वर धरलेल्या ८ आणि ७ मधल्या फरकावरूनही काही ठरवता येत नाही. दोन्ही फॉर्मवर कित्येक डझन व्हिजिट होईपर्यंत थांबावं लागतं, आणि लहान बिल्डरच्या बाबतीत तो एक आख्खा हंगाम असू शकतो.