बेरजेची चूक आणि परीक्षकाचे मत

दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी दोन तऱ्हेची वाक्ये ऐकू येतात. “हे गुण आपल्या बाळ्याचे असूच शकत नाहीत, कुठे तरी घोटाळा झाला आहे,” हे एक. आणि “तपासणाऱ्याने हात फारच आखडता घेतला,” हे दुसरे. आईबापांच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच, की गुण कमी पडले. परीक्षा मंडळाच्या लेखी मात्र या दोन तक्रारी अगदी निराळ्या आहेत. पहिली तक्रार चुकीविषयी आहे, तर दुसरी मताविषयी. पहिलीसाठी गुणपडताळणी आहे, दुसरीसाठी पुनर्मूल्यांकन. यांतला फरक न समजल्यामुळे पुष्कळ पालक भलत्याच खिडकीपाशी उभे राहतात आणि तेवढ्यात मुदत टळून जाते.

गुणपडताळणी म्हणजे काय, हे महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७७ च्या विनियमांत नेमके सांगितले होते. प्रत्येक उत्तर तपासले गेले आहे ना, प्रत्येक प्रश्नाच्या गुणांची बेरीज बरोबर आहे ना, ते गुण मुखपृष्ठावर नीट उतरले आहेत ना आणि विद्यार्थ्याने जोडलेल्या पुरवण्या जागच्या जागी आहेत ना, एवढेच यात पाहायचे. पाहणारा माणूस उत्तर चांगले की वाईट याचा विचारच करीत नाही. त्याचे काम वाण्याच्या यादीची बेरीज पुन्हा करून पाहणाऱ्याचे; तांदूळ महाग लावला की स्वस्त, हे सांगणे त्याच्याकडे नाही.

पुनर्मूल्यांकनात नेमके तेच पाहिले जाते. विषयाचा जाणकार उत्तर पुन्हा वाचतो आणि त्याला किती गुण योग्य, हे ठरवतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, दहावीतील एका मुलीला मराठीत लेखी परीक्षेचे ८० पैकी ५१ आणि शाळेकडून अंतर्गत मूल्यमापनाचे २० पैकी १८, असे एकूण ६९ गुण पडले. घरच्यांना ते पटेना. त्यांनी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि पेन्सिल घेऊन बसले. मुखपृष्ठावर पाच प्रश्नांपुढे १३, ११, ४, १२ आणि ११ असे आकडे होते. त्यांची बेरीज ५१, म्हणजे वरवर सारे ठीक. मग त्यांनी आतली पाने उलटली. पहिले चार प्रश्न जुळले. पाचव्यात पत्राला ४ आणि बाकीच्या लेखनाला ७ गुण होते, आणि शेवटच्या पुरवणीत लिहिलेल्या निबंधाला ६. म्हणजे पाचव्या प्रश्नाचे १७ व्हायला हवेत, ते मुखपृष्ठावर ११ च उतरले होते. पुरवणीतले ६ गुण वाटेतच राहिले होते. खरी बेरीज ५७, आणि एकूण ६९ नव्हे, तर ७५.

ही शुद्ध हिशेबाची चूक आहे आणि ती गुणपडताळणीतच सुटते. निबंधाचा दर्जा काय, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही.

पण समजा, पुरवणीचे ६ गुण बरोबर धरले गेले होते आणि आईचे म्हणणे एवढेच, की “निबंध इतका सुरेख आहे, त्याला ८ तरी हवे होते.” आता पडताळणीचा अर्ज करून काहीही हाती लागणार नाही. सहाचे आठ व्हावेत हा मताचा प्रश्न आहे. त्याला पुनर्मूल्यांकनच हवे.

तिसरी शक्यता अशी, की उत्तरपत्रिकेवर ५७ आहेत, पण गुणयादीत किंवा संगणकात भरताना ५१ पडले. याला आपण लेखनिकाची चूक म्हणतो. छायाप्रतीचे मुखपृष्ठ आणि गुणपत्रिका शेजारी ठेवली, की ती डोळ्यांत भरते.

चौथी शक्यता सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. समजा, शाळेने अंतर्गत गुण १८ ऐवजी १३ च कळवले. हे गुण उत्तरपत्रिकेवर नसतातच; मग उत्तरपत्रिका कितीही वेळा पडताळली तरी चूक सापडणार कशी? अशा वेळी मुख्याध्यापकांना भेटावे. शाळेच्या नोंदी दाखवून त्यांनीच मंडळाकडे दुरुस्ती मागायची असते. नावातील चुकीचे अक्षरही शाळेच्या जनरल रजिस्टरच्या आधारानेच दुरुस्त होते.

गुणपत्रिकेतील चूक केव्हा सुधारली जाते, याचेही उत्तर १९७७ च्या त्या विनियमांत होते. निकालावर चुकीचा परिणाम झाल्याचे आढळले, तर विभागीय मंडळाने तो खऱ्या स्थितीप्रमाणे दुरुस्त करावा. मात्र चूक निकालापासून सहा महिन्यांच्या आत कळलेली किंवा आढळलेली असावी. त्यानंतरचे प्रकरण मुख्य मंडळापुढे ठेवावे. चुकीची व्याख्याही दिली होती: संगणकातील चूक, लेखनिकाची चूक, बेरजेची किंवा गुण नोंदवण्याची चूक, तसेच परीक्षकाचा निष्काळजीपणा वा नजरचूक. परीक्षकाची नजरचूक यात आहे, पण परीक्षकाचे मत नाही. एक उत्तर तपासायचेच राहिले ही नजरचूक. तपासून कमी गुण दिले हे मत.

एके काळी या मताविरुद्ध दाद मागण्याची सोयच नव्हती. त्याच विनियमांनी पुनर्मूल्यांकन आणि उत्तरपत्रिका पाहणे, दोन्ही नाकारले होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९८० मध्ये ही बंदी रद्द ठरवली, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. परीक्षेच्या निकालाला कुठे तरी पूर्णविराम हवा, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढे माहितीचा अधिकार आला आणि २०११ मध्ये, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. मात्र पाहण्याचा हक्क म्हणजे पुन्हा तपासून घेण्याचा हक्क नव्हे. तो त्या त्या मंडळाच्या नियमांत असावा लागतो.

आपल्या राज्य मंडळात आता तिन्ही सोयी आहेत. २०२४ च्या परीक्षेला दर विषयामागे पडताळणीचे ५०, छायाप्रतीचे ४०० आणि पुनर्मूल्यांकनाचे ३०० रुपये शुल्क होते. पहिल्या दोहोंच्या अर्जाला निकालानंतर सुमारे पंधरा दिवस मिळाले. पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घेणे आवश्यक होते आणि ती मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत अर्ज करायचा होता. शुल्क आणि तारखा दर वर्षीच्या प्रकटनात पाहून घ्याव्यात.

छायाप्रत हाती आली, की क्रम असा ठेवावा. आधी पुरवण्या मोजाव्यात. मग प्रत्येक उत्तरापाशी गुण किंवा निदान शून्य तरी दिले आहे का, ते पाहावे. कोरी जागा दिसली तर ते उत्तर तपासायचे राहिले असण्याचा संभव आहे. नंतर आतले गुण मुखपृष्ठाशी आणि मुखपृष्ठ गुणपत्रिकेशी ताडावे. कुठेही आकडा जुळला नाही, तर ते पान आणि तो प्रश्न नमूद करून चूक दाखवावी. सारे आकडे जुळूनही समाधान झाले नाही, तर उत्तर त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवावे. मुलाचे नाव न सांगता दाखवले तर अधिक चांगले. तेही म्हणाले की गुण कमी पडले आहेत, तर मात्र पाच दिवसांतला एकही वाया न घालवता पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरावा.