मधली जागा कोण सांगणार?

‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलट वाचलं तरी तेच राहतं. त्यात अक्षरं सात, आणि मधोमध ‘भा’. हा ‘भा’ वाक्यात एकदाच येतो, त्यामुळे अर्धं वाक्य संपल्याची वर्दी तोच देतो. आता ‘कखखककखखक’ ही आठ अक्षरांची माळ बघा. तीही उलटसुलट सारखीच आहे, पण मध्य दाखवणारी कसलीच खूण तिच्यात नाही. संगणकशास्त्रातल्या दोन यंत्रांची ताकद नेमकी इथे वेगळी पडते.

पुशडाउन ऑटोमॅटन हे कागदावरचं यंत्र. ते अक्षरं डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतं, मागे फिरत नाही. त्याच्या स्वतःच्या अवस्था मोजक्या असतात. लक्षात ठेवायला त्याच्याकडे एक स्टॅक असतो, म्हणजे ताटांची चळत: नवं ताट वर ठेवायचं, उचलायचं तेही वरचंच. चळत मात्र हवी तेवढी उंच होऊ शकते. यंत्र डिटरमिनिस्टिक असेल तर प्रत्येक क्षणी त्याची पुढची कृती एकच आणि ठरलेली असते. नॉनडिटरमिनिस्टिक यंत्राला एका वेळी अनेक वाटा मोकळ्या असतात, आणि त्यातली एक जरी यशस्वी झाली तरी माळ मंजूर होते.

अशा दुसऱ्या यंत्राला आपली माळ देऊ. दर अक्षरानंतर त्याला दोन वाटा असतात: ताटं रचत राहायचं, किंवा ‘मध्य आला’ असं मानून पुढचं अक्षर वरच्या ताटाशी जुळवत एकेक ताट उचलायचं. दोन अक्षरांनंतर मध्य मानला तर ‘ख’ला ‘ख’ आणि ‘क’ला ‘क’ जुळतो, चळत संपते, पण चार अक्षरं उरतात. ती वाट तिथेच मेली. चौथ्या अक्षरानंतर मध्य मानणाऱ्या वाटेवर मात्र उरलेली चारही अक्षरं जुळतात. चळत आणि माळ एकदमच संपतात, माळ मंजूर.

डिटरमिनिस्टिक यंत्राची अडचण चौथ्या अक्षरापाशीच सुरू होते. माळ ‘कखखक’वरच संपली तर होकार द्यायलाच हवा, म्हणजे जुळवणी आधीच झालेली असायला हवी. पण जुळवताना ताटं उचलली जातात, आणि पुढे आणखी चार अक्षरं आली की तीच ताटं पुन्हा लागतात. एखादं चलाख यंत्र यातून काही युक्ती काढेल, अशी शंका येणं रास्त आहे. तशी युक्ती नाही, हे सिद्ध करता येतं, आणि ती सिद्धता मला फार देखणी वाटते.

यंत्राला कोणतीही माळ वाचू द्या. मग पुढे अशी अक्षरं द्या की चळत शक्य तितकी खाली येईल. उंची शून्याखाली जात नाही, त्यामुळे कधीतरी असा टप्पा येतो की यापुढे काहीही वाचलं तरी चळत त्याहून खाली येत नाही. तिथून पुढे वरच्या ताटाखालचं काहीच उघडं पडत नाही. यंत्राचं पुढचं सगळं वागणं त्याची अवस्था आणि ते वरचं ताट यांवरच ठरतं. समजा अवस्था 10 आणि ताटांचे प्रकार 5, तर जोड्या होतात 50. या टप्प्याला पोचवणाऱ्या माळा मात्र कितीही मिळतात, कारण सुरुवातीची माळ हवी तेवढी लांब घेता येते. अशा 51 माळा घेतल्या की त्यांतल्या दोघींची जोडी एकच निघणार. त्या दोघींपुढे कोणतंही शेपूट जोडा, यंत्राचा निकाल दोन्हीकडे सारखाच येईल.

इथेच ते फसतं. कोणत्याही दोन वेगळ्या माळा घ्या, त्यांना वेगळं पाडणारं शेपूट सापडतंच. ‘कख’ आणि ‘खक’ यांना ‘खक’ जोडा: ‘कखखक’ बरोबर, ‘खकखक’ चूक. ‘कक’ आणि ‘कककक’ यांना ‘कक’ जोडून फरक पडत नाही, पण ‘खखकक’ जोडलं की पहिली माळ उलटसुलट सारखी होते, दुसरी होत नाही. म्हणजे निकाल वेगळा यायला हवा तिथे यंत्र एकच निकाल देतं. 10 ऐवजी दहा लाख अवस्था दिल्या तरी हिशोब बदलत नाही.

चळत नसलेल्या यंत्रांत असा फरक पडत नाही. मायकेल रॅबिन आणि डेना स्कॉट यांनी 1959 मध्ये दाखवलं, की तिथे सगळ्या वाटा एकदम लक्षात ठेवणारं डिटरमिनिस्टिक यंत्र नेहमीच बांधता येतं, कारण अवस्थांचे गट मर्यादितच असतात. पुशडाउन यंत्रात प्रत्येक वाटेची चळत निराळी, आणि त्या सगळ्या एका चळतीत मावत नाहीत.

साध्या संगणकाला ही तपासणी अवघड नाही. माळेच्या दोन्ही टोकांपासून आत येत अक्षरं जुळवली की झालं, पण त्यासाठी पूर्ण माळ समोर असावी लागते. प्रोग्रामिंगच्या भाषा वाचणाऱ्या पार्सरला मजकूर ओळीने येतो, आणि अंदाज करत बसणं त्याला परवडत नाही. डोनाल्ड क्नूथ यांनी 1965 मध्ये ‘एलआर’ व्याकरणं मांडली. डिटरमिनिस्टिक पुशडाउन यंत्र ज्या भाषा ओळखतं, नेमक्या त्याच या व्याकरणांत बसतात, आणि त्या वाचायला लागणारा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो.