दोन रंगांची पेन्सिल

समजा, 'कोसला'च्या परीक्षणाचा ८०० शब्दांचा खर्डा संपादकाच्या टेबलावर आहे. तो कथानकाखाली निळी आणि मताखाली लाल रेघ ओढतो. पांडुरंग सांगवीकर पुण्यात येतो, बहीण मनी मरते, तो गावी परततो: ६०० शब्द निळेच!

लाल रेघेखाली 'हृदयस्पर्शी', 'वाचनीय' एवढंच. अशी विशेषणं कुठल्याही कादंबरीला चिकटतात, म्हणून ती मतात धरायची नाहीत.

मग कात्री लागते. मनीचा मृत्यू मात्र राहतो, कारण एरवी सगळ्याची टर उडवणाऱ्या निवेदकाची भाषा तिथे कशी बदलते, हे परीक्षकाला दाखवता येतं. ज्या प्रसंगावर पुढे एकही मत उभं नाही, तो गाळायचा. शेवट तर सहसा सांगूच नये.